बाँडचं यील्ड वाढलं की महागडे ग्रोथ शेअर का पडतात, हे स्वतः कसं तपासायचं

"कंपनीचा नफा वाढला, निकाल चांगला आला, तरी शेअर खाली का?" नाशिकमध्ये नव्याने डिमॅट उघडलेली मंडळी मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न विचारतात. यातले बरेच जण २०२० नंतर बाजारात आले. तेव्हा व्याजदर तळाला होते आणि पन्नास-साठ पी/ईचे, म्हणजे वर्षाच्या कमाईच्या पन्नास-साठ पट भावाचे, शेअरही रोज वर जात होते. पुढे दर फिरले आणि कंपनीत काहीही बिघडलेलं नसताना भाव उतरू लागले. अशा वेळी उत्तर कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही, कारण ते सरकारी रोख्यांच्या बाजारात असतं. तिथे कसं पाहायचं आणि आपल्या शेअरवर त्याचा किती भार आहे हे कसं मोजायचं, ते मी इथे पायरीपायरीने लिहितो आहे. कुठला शेअर घ्यावा किंवा विकावा हे यात नाही.

हाताशी काय हवं

- चार्ट पाहायला TradingView चं मोफत खातं
- आकडेमोडीला एक्सेल किंवा गूगल शीट
- निफ्टी आणि क्षेत्रीय निर्देशांकांचे पी/ई पाहायला niftyindices.com
- ज्या शेअरबद्दल शंका आहे त्या कंपनीचे मागच्या दोन-तीन वर्षांचे नफ्याचे आकडे

ब्रोकरचं ॲप यासाठी फारसं उपयोगी नाही. बहुतेक ॲपमध्ये सरकारी रोख्याचं यील्ड दिसतच नाही.

१. आधी यील्ड आणि कूपन यांची गल्लत सोडवा

सरकारी रोख्याचं नाव असं असतं: 7.26% GS 2032. यातला ७.२६ हा कूपन, म्हणजे शंभर रुपयांच्या दर्शनी किमतीवर सरकार दरवर्षी देणार असलेलं व्याज. २०३२ हे परतफेडीचं वर्ष. हे दोन्ही आकडे रोखा निघाला त्या दिवशी ठरले आणि आता बदलणार नाहीत. रोज बदलतो तो रोख्याचा बाजारभाव, आणि त्याच्याबरोबर यील्ड.

समजा दहा वर्षं मुदतीचा ७ टक्के कूपनचा रोखा तुमच्याकडे आहे. बाजारात तशाच मुदतीचे नवे रोखे ८ टक्के देऊ लागले. आता तुमच्या रोख्याला कोणी १०० रुपये देणार नाही. तो सुमारे ९३ रुपयांना विकला जाईल. घेणाऱ्याला दरवर्षी ७ रुपये व्याज आणि शेवटी ९३ च्या जागी १०० परत, असं मिळून त्याचा परतावा वर्षाला ८ टक्के पडतो. हे ८ टक्के म्हणजे यील्ड. म्हणून "यील्ड वाढलं" आणि "रोखे पडले" ही एकच बातमी असते.

यातली हालचाल बेसिस पॉइंटमध्ये सांगतात. १०० बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का बिंदू. यील्ड ६.५० वरून ६.६० वर गेलं तर ते १० बेसिस पॉइंटनी वाढलं.

२. दोन चार्ट एकाखाली एक लावा

TradingView वर भारताच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड `IN10Y` या नावाने मिळतं, अमेरिकेचं `US10Y` ने. निफ्टीसाठी `NIFTY` आणि निफ्टी आयटीसाठी `CNXIT`. दैनिक नको, साप्ताहिक चार्ट घ्या. रोजच्या पाच-सहा बेसिस पॉइंटच्या उड्यांमध्ये अर्थ शोधत बसलात तर नुसती दमणूक होते.

इथे तीन सापळे आहेत, आणि नवखा माणूस हमखास पहिल्यात अडकतो. यील्डच्या चार्टवर निफ्टी जोडताना Same % scale निवडलं, तर यील्डही टक्केवारीत दिसू लागतं. ६.५ चं ७.५ झालं की चार्ट "१५ टक्के वाढ" दाखवतो. गणिताने ते बरोबर आहे, पण तुमच्या कामाचं नाही, कारण आपल्याला हवा असतो तो एक टक्का बिंदूचा फरक. म्हणून New pane निवडा आणि यील्ड स्वतंत्र चौकटीत ठेवा.

दुसरा सापळा आपोआप ताणल्या जाणाऱ्या मापपट्टीचा. शांत आठवड्यांत चार बेसिस पॉइंटची हालचालही पडदाभर डोंगरासारखी दिसते. उजवीकडचे आकडे वाचल्याशिवाय रेषेच्या चढावर विश्वास ठेवू नका.

तिसरा सापळा रोखा बदलण्याचा. "दहा वर्षांचा रोखा" हा कायम एकच नसतो. नवा रोखा निघाला आणि त्यात व्यवहार वाढले की बाजार त्याला प्रमाण मानू लागतो. अशा बदलाच्या दिवशी यील्डच्या रेषेत छोटी पायरी दिसू शकते. त्या दिवशी अर्थव्यवस्थेत काही घडलेलं नसतं.

३. जवळचा पैसा आणि दूरचा पैसा वेगळे काढा

सगळ्या लेखाचा गाभा या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

शेअरची किंमत म्हणजे कंपनी पुढे कमावणार असलेल्या पैशाची आजची किंमत. लासलगावला कांदा विकणाऱ्याचे पैसे चार-पाच महिन्यांत हातात येतात. दिंडोरीकडे नवी द्राक्षबाग लावणारा मात्र मांडव, ठिबक, रोपं यांचा खर्च आज करतो आणि खरं उत्पन्न दोन-तीन वर्षांनी बघतो. कर्जाचं व्याज वाढलं तर दोघांनाही बसतं, पण बागवाल्याचं गणित जास्त हलतं, कारण त्याचा पैसा दूर आहे.

आता शीट उघडा आणि हे टाका:

```
=100/(1+0.11)^3
=100/(1+0.12)^3
=100/(1+0.11)^15
=100/(1+0.12)^15
```

तीन वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ११ टक्के दराने ७३.१२ रुपये येते, १२ टक्क्यांनी ७१.१८. घट पावणेतीन टक्क्यांच्या आत. पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची किंमत मात्र २०.९० वरून १८.२७ वर येते. घट साडेबारा टक्क्यांच्या वर. दर एकाच टक्क्याने बदलला, पैसेही तेवढेच, फक्त वाट पाहण्याची वर्षं वेगळी.

हे ११ आणि १२ कुठून आले? गुंतवणूकदार शेअरकडून जो परतावा अपेक्षितो, त्याचा पाया सरकारी रोख्याचं यील्ड असतं. त्यावर तो जोखमीचे काही टक्के चढवतो. मी इथे ६.५ टक्के यील्ड आणि जोखमीचे ४.५ टक्के धरून ११ केले. यील्ड ७.५ झालं आणि जोखमीची अपेक्षा तशीच राहिली, तर १२.

४. आपली कंपनी "दूरच्या पैशाची" आहे का, ते मोजा

यासाठी एक ढोबळ सूत्र पुरतं: पुढच्या वर्षी भागधारकाला मिळू शकणारा पैसा भागिले (अपेक्षित परतावा वजा वाढीचा दर).

दोन कंपन्या घ्या. पहिली नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जुन्या सुट्या भागांच्या कारखान्यासारखी, आज चांगला पैसा देणारी, पण वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढणारी. ती शेअरमागे १० रुपये देते. दुसरी नव्या दमाची, आज फक्त २ रुपये देणारी, पण दीर्घकाळ ८ टक्क्यांनी वाढेल असं बाजाराला वाटतं आहे.

```
पहिली, ११%:  10/(0.11-0.04) = 142.86
पहिली, १२%:  10/(0.12-0.04) = 125.00
दुसरी, ११%:   2/(0.11-0.08) = 66.67
दुसरी, १२%:   2/(0.12-0.08) = 50.00
```

पहिलीचा भाव साडेबारा टक्क्यांनी उतरला, दुसरीचा पंचवीस टक्क्यांनी. दुसऱ्या कंपनीने काहीही चूक केलेली नाही. तिचा नफा, ग्राहक, वाढीचा अंदाज, सगळं जसंच्या तसं आहे. आज मिळणाऱ्या पैशाच्या मानाने पहिलीचा भाव चौदा पट होता आणि दुसरीचा तेहतीस पट. महागडा शेअर यील्डला जास्त हळवा असतो तो या कारणाने.

सूत्राची मर्यादाही लक्षात ठेवा. वाढीचा दर अपेक्षित परताव्याच्या जवळ गेला की उत्तर वेडंवाकडं येतं. वाढ १०.५ आणि परतावा ११ धरून बघा, भाव दोनशे पट निघतो. अशा आकड्यावरून कोणी "योग्य किंमत" सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सूत्र दिशा आणि हळवेपणा समजायला आहे, भाव ठरवायला नाही.

५. यील्ड का वाढलं, हे विचारा

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वरच्याच दुसऱ्या कंपनीकडे परत बघा. देशात मागणी वाढली, कर्जाला उठाव आला, म्हणून यील्ड एक टक्क्याने वर गेलं. त्याच मागणीने कंपनीची वाढही ८ वरून ९ टक्के झाली, तर भाव किती? २ भागिले (०.१२ वजा ०.०९), म्हणजे पुन्हा ६६.६७. भाव हललाच नाही. अर्थव्यवस्था जोरात आहे म्हणून वाढणारं यील्ड आणि शेअर बाजार काही काळ हातात हात घालून चढतात ते असे.

त्रास होतो तो महागाई हाताबाहेर जाऊन रिझर्व्ह बँकेला दर वाढवावे लागतात तेव्हा, किंवा सरकारची कर्जउभारणी रोखे घेणाऱ्यांना झेपत नाही तेव्हा. या दोन्ही वेळी दर वाढतो, पण कंपनीची वाढ त्याबरोबर वाढत नाही. तिसरं कारण बाहेरचं. अमेरिकेचं यील्ड वाढलं की परदेशी संस्थांना घरबसल्या डॉलरमध्ये चांगला परतावा मिळतो आणि त्या इथले शेअर विकतात. म्हणून `IN10Y` शांत असलं तरी `US10Y` कडे नजर टाका.

कारण ओळखायचा सोपा मार्ग: यील्ड वाढलं त्या आठवड्यात महागाईचा आकडा आला होता का, पतधोरण होतं का, सरकारच्या कर्जाचा अंदाज वाढला होता का, की अमेरिकेत काही झालं होतं, हे पाहा. चारांपैकी एक बहुधा सापडतं.

६. २०२२ चं वर्ष स्वतःच्या चार्टवर सोडवून पाहा

सरावाला याहून चांगलं वर्ष नाही. चार्ट २०२१ च्या डिसेंबरपासून २०२२ च्या डिसेंबरपर्यंत लावा.

वर्ष सुरू झालं तेव्हा दहा वर्षांचं यील्ड साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतं. ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ४.४० टक्के केला. जूनमध्ये यील्ड साडेसातच्या वर गेलं. म्हणजे आपण वर धरलेला एक टक्का खरोखर घडला. डिसेंबरअखेर रेपो ६.२५ झाला होता. अमेरिकेत दहा वर्षांचं यील्ड दीड टक्क्यावरून ऑक्टोबरमध्ये चारच्या वर गेलं आणि ग्रोथ कंपन्यांनी भरलेला नॅसडॅक कंपोझिट निर्देशांक वर्षभरात सुमारे ३३ टक्के पडला.

आता निफ्टी बघा. १७,३५४ वर वर्ष सुरू, १७ जूनला १५,१८३ पर्यंत खाली, आणि वर्षअखेर १८,१०५. वर्षाची गोळाबेरीज चार टक्के वाढ. इथे नवखा माणूस म्हणतो, "मग यील्डचा काही परिणाम होत नाही."

परिणाम झाला होता, तो भावात दिसला नाही. निफ्टीचा पी/ई वर्षारंभी २४ च्या आसपास होता, वर्षअखेर २२ च्या आसपास आला. कंपन्यांचा नफा वाढला म्हणून निर्देशांक टिकला, पण त्याच नफ्याला बाजार कमी पैसे द्यायला लागला. निर्देशांकाच्या चार्टखाली पी/ईचा चार्ट ठेवल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरी गोष्ट दडली होती ती निर्देशांकाच्या पोटात. निफ्टीत बँका आणि वित्तसंस्थांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होता. त्यांची बरीच कर्जं रेपोला जोडलेली असल्याने दर वाढताच कर्जावरचं व्याज लगेच वाढलं, ठेवींवरचं मात्र सावकाश. निफ्टी बँक त्या वर्षी वीस टक्क्यांच्या वर चढला. निफ्टी आयटी सुमारे २६ टक्के पडला. एकाने दुसऱ्याला झाकलं आणि वरून पाहणाऱ्याला निफ्टी शांत दिसला.

आयटीतला एक शेअर सुटा घेऊ. टीसीएसचा वार्षिक नफा आर्थिक वर्ष २०२१-२२ मध्ये ३८ हजार कोटींच्या घरात होता, पुढच्या वर्षी ४२ हजार कोटींच्या वर गेला. शेअर मात्र २०२२ या वर्षात १२-१३ टक्के खाली आला. नफा वर, भाव खाली, म्हणजे उतरला तो पी/ई. अमेरिकेतल्या मंदीची भीतीही त्यात होती, त्यामुळे सगळं खापर यील्डवर फोडू नका.

ज्या कंपनीला नफाच नव्हता, तिचं काय? झोमॅटोचा शेअर ७६ रुपयांना विक्रीला आला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो १६० च्या वर होता, जुलै २०२२ च्या अखेरीस ५० च्या खाली. सगळा पैसा दूरच्या वर्षांत असलेल्या कंपनीचं असं होतं. पण जुलैची शेवटची घसरण आली तेव्हा जुन्या भागधारकांवरची एक वर्षाची विक्रीबंदी नुकतीच संपली होती. उतरती कळा यील्डमुळे लागलेली, पण त्या आठवड्याचा धक्का पुरवठ्याचा. चार्टवर दोन्ही एकाच रेषेत दिसतात, म्हणून तारखा तपासाव्या लागतात.

बँकांबद्दल एक पुरवणी. "यील्ड वाढलं की बँका घ्या" हा सल्ला अर्धवट आहे. बँकांकडे स्वतःचे रोखे असतात आणि यील्ड झटक्यात वाढलं की त्यांची किंमत उतरून तोटा दाखवावा लागतो. एप्रिल-जून २०२२ च्या तिमाहीत स्टेट बँकेचा नफा मुख्यतः याच कारणाने घटला होता.

७. निफ्टीवरचा भार एका आकड्यात मोजा, पण जपून

१०० भागिले पी/ई केलं की शेअरमागच्या कमाईचं प्रमाण टक्क्यांत मिळतं. पी/ई २२ असेल तर ४.५५ टक्के. त्याची तुलना यील्डशी करायची. यील्ड ६.५ असेल तर फरक १.९५. यील्ड ७.५ झालं आणि फरक तेवढाच राहायचा असेल, तर कमाईचं प्रमाण ५.५५ व्हायला हवं, म्हणजे पी/ई १८. नफा न वाढता हे व्हायचं असेल तर निर्देशांक १८ टक्के पडावा लागेल. नफा वाढला तर तेवढं पडायची गरज नाही, आणि २०२२ मध्ये तेच झालं.

या आकड्याचा गैरवापर फार होतो. "बाँड साडेसहा देतो, निफ्टी साडेचार, म्हणून बाजार महाग" असं म्हणणारे भेटतील. भारतात रोख्याचं यील्ड शेअरच्या कमाईच्या प्रमाणापेक्षा बहुतेक काळ जास्तच राहिलं आहे. कंपनीचा नफा महागाईबरोबर वाढत जातो, रोख्याचा कूपन वाढत नाही, हे त्याचं कारण. म्हणून फरक किती आहे यापेक्षा तो काही महिन्यांत किती बदलला, एवढंच पाहा.

आणखी एक खड्डा: ३१ मार्च २०२१ पासून एनएसई निफ्टीचा पी/ई उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर काढते, आधी तो फक्त मूळ कंपनीच्या नफ्यावर काढत असे. त्या तारखेला पी/ई एका दिवसात ४० वरून ३३ च्या आसपास आला. बाजार तेवढा पडला नव्हता, पद्धत बदलली. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका सरासरीत घालू नका.

८. यील्ड निर्दोष आहे का, तेही तपासा

यील्ड समजलं की प्रत्येक पडझडीत तेच दिसायला लागतं. म्हणून उलट बाजूचं एक उदाहरण आपल्या गावचंच देतो. नाशिकची वाइन कंपनी सुला विनयार्ड्स डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांच्या भावाने बाजारात आली. जानेवारी २०२४ मध्ये शेअर सहाशेच्या वर होता, २०२५ मध्ये तीनशेच्या खाली आला. याच काळात आपल्या दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड सातच्या वरून साडेसहाच्या खाली उतरलं होतं. म्हणजे यील्डने मदतच करायला हवी होती. शेअर पडला, कारण कंपनीची वाढ मंदावली आणि नफा घटला. सूत्रातला अपेक्षित परतावा कमी झाला होता, पण त्यातून वजा होणारा वाढीचा दर त्याहून जास्त घसरला.

तेव्हा तुमचा शेअर पडला की याच क्रमाने जा. आधी मागच्या चार तिमाहींचा नफा बघा. नफा घटला असेल किंवा कंपनीने वाढीचा अंदाज खाली आणला असेल, तर यील्डचा चार्ट उघडायची गरज नाही. नफा शाबूत असेल तर पी/ई किती उतरला ते काढा. मग त्याच काळात `IN10Y` किंवा `US10Y` किमान ४०-५० बेसिस पॉइंटनी वर गेलं का, ते पाहा. हा माझा ढोबळ निकष आहे, नियम नव्हे. शेवटी त्याच क्षेत्रातले दुसरे महागडे शेअर साधारण तेवढेच उतरलेत का ते तपासा. सगळे एकत्र उतरले असतील तर भार बहुधा यील्डचा आहे. तुमचा एकटाच उतरला असेल तर कंपनीचा निकाल आणि व्यवस्थापनाचं म्हणणं पुन्हा, या वेळी सावकाश, वाचा.